१:२४ चा फोटो आणि २:१० चा फोटो

गेली नऊ वर्षं मी नाशकात फायबर इंटरनेटच्या दुरुस्तीचं काम करतो. पाथर्डी फाटा, इंदिरानगर आणि त्यामागच्या नव्या सोसायट्या एवढा माझा भाग. त्या दिवशी सकाळी साडेआठलाच ऑफिसमधून फोन आला. पाथर्डी फाट्यावरच्या एका फ्लॅटमधून तक्रार होती : रात्री कंपनीनं मेंटेनन्स केला आणि तेव्हापासून नेट बंद आहे.

मेंटेनन्स होता हे मला ठाऊक होतं. रात्री १ ते ५, मुख्य केंद्रातल्या राउटरचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. अशी कामं मध्यरात्रीनंतरच ठेवतात, कारण तेव्हा वापर सगळ्यात कमी असतो. काम साडेचारला संपलं होतं आणि त्या इमारतीतली बाकीची सगळी कनेक्शनं चालू झालेली स्क्रीनवर दिसत होती. फक्त हे एक बंद. त्यामुळे जाताना मला वाटलं, जिन्यात उंदरानं वायर कुरतडली असेल.

दार उघडलं त्या ताईंचे डोळे लाल होते. त्या एका अमेरिकन हॉस्पिटलच्या बिलिंगचं काम घरून करतात, रात्रपाळीत. “दादा, माझी अख्खी शिफ्ट गेली. आमच्या टीम लीडरला नेट गेल्याचा पुरावा लागतो, म्हणून मी फोटोसुद्धा काढून पाठवलेत,” असं म्हणून त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

पहिला फोटो १:२४ चा. वायफायच्या डब्यावर पीओएन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर. एलओएसचा दिवा विझलेला. इंटरनेटचा दिवा मात्र लाल. दुसरा फोटो २:१० चा, आणि त्यात पीओएन बंद, एलओएस लाल लुकलुकतोय. हे दोन फोटो मी आळीपाळीनं कितीतरी वेळ बघत राहिलो.

आम्ही एलओएसला ‘लॉस’ म्हणतो. तो लाल झाला म्हणजे डब्यापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही : वायर तुटली, वाकली किंवा जोड खराब झाला. पीओएन स्थिर हिरवा असेल तर घरापासून आमच्या एरियातल्या मशिनपर्यंतची फायबर ठणठणीत आहे. तेव्हा नुसतं इंटरनेट लाल असेल तर अडचण बहुधा त्या मशिनच्या पलीकडे, नाहीतर लॉगिनमध्ये. म्हणजे १:२४ ला या घरात काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढच्या शेहेचाळीस मिनिटांत.

“ताई, या दोन फोटोंच्या मधे काय काय केलंत?”

त्यांच्या यजमानांनी सांगितलं. आधी डबा बंद करून चालू केला. मग मागच्या बारीक भोकात टाचणी घालून दहा सेकंद दाबून धरली. तरी काही होईना म्हणून हिरव्या टोकाची वायर काढली, बोटानं पुसली, फुंकर मारली आणि परत लावली. सांगताना ते ओशाळले होते. मला त्यांचा राग मुळीच आला नाही. समोर बायकोचा पगार अडकलेला असताना माणूस स्वस्थ बसेल कसा?

मी पॉवर मीटर लावला. उणे ३१. डीबीएम हे प्रकाश मोजायचं माप. घरात साधारण उणे १८ ते उणे २४ मिळाला की आम्ही निश्चिंत असतो, आणि उणे २७ च्या खाली आमचे डबे तग धरत नाहीत. कनेक्टरच्या टोकावरचा काचेचा गाभा केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. बोटाचा तेलकटपणा आणि फुंकरीतला ओलावा त्याच्यावर बसला की प्रकाश अडतो. क्लीनर पेननं टोक दोनदा साफ केलं, वायर कट्‌ आवाज येईपर्यंत आत सरकवली. मीटर उणे २१ वर आला. पीओएन हिरवा झाला.

इंटरनेट तरीही लाल!

हा दुसरा घाव टाचणीचा होता. डबा बंद करून चालू करणं वेगळं आणि ते भोक दाबणं वेगळं. पहिल्यानं काही पुसलं जात नाही. दुसऱ्यानं डबा कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो : आम्ही भरलेलं लॉगिन नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, सगळं जातं. काही डबे ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून आपोआप परत घेतात, पण हा त्यातला नव्हता. मी लॅपटॉप जोडून तीनही गोष्टी भरल्या आणि अर्ध्या मिनिटात नेट आलं.

मनाला लागलं ते हे, की डब्याला हात लावला नसता तर काम संपल्यावर साडेचारच्या सुमारास तो आपणहून जोडला गेला असता. डबा दर थोड्या वेळानं लॉगिनचा प्रयत्न करतच असतो.

पण त्यांना मेंटेनन्सचं कळलंच कसं नाही? मेसेज तर दोन दिवस आधी गेला होता. शोधता शोधता उलगडलं. कनेक्शन घरमालकाच्या नावावर होतं आणि मालक पुण्यात राहतात. मेसेज त्यांच्या मोबाईलवर गेला, त्यांनी जाहिरात समजून सोडून दिला. ताईंनी १:३० ला हेल्पलाईनलाही फोन केला होता. आमच्याकडे नोंदलेल्या नंबरवरून फोन आला की यंत्रणा तो ओळखते आणि पहिल्याच वाक्यात ‘आपल्या भागात काम सुरू आहे, अमुक वाजेपर्यंत सेवा येईल’ असं ऐकवते. अनोळखी नंबर आला की तिला भागच माहीत नसतो, म्हणून ताईंना नुसतं गाणं ऐकू आलं. बारा मिनिटांनी त्यांनी फोन ठेवला. तेव्हा ग्राहक क्रमांक दाबला असता तर तीच सूचना मिळाली असती. तो क्रमांक डब्याखालच्या स्टिकरवर होता, भिंतीकडे तोंड करून.

कंपनीच्या ॲपमध्येही काम सुरू असल्याचं लिहिलेलं होतं, पण ते मोबाईल डेटावर उघडावं लागतं. घरच्या वायफायवर ॲप नुसतं फिरत राहिलं, आणि त्यांना वाटलं, तेही बंद आहे.

मी त्यांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली. ॲपवर ‘सर्व सुरळीत’ दिसलं म्हणून ते खरंच असेल असं नाही. ठरवून केलेलं काम तिथं आधीपासून असतं, पण जेसीबीनं रस्त्यात वायर तोडली तर ती नोंद व्हायला वेळ लागतो. एकाच जिन्यातला स्प्लिटर, म्हणजे एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा भाग, गेला तर ती कधीकधी होतच नाही. तेव्हा शेजारी त्याच कंपनीचं कनेक्शन कुणाकडे आहे ते विचारावं. दोन घरांत एकाच वेळी लॉस लाल असेल तर दोष आपल्या घरातला नसतो. हे शेजाऱ्याला विचारणं मला अजूनही सगळ्यात भरवशाचं वाटतं.

निघण्यापूर्वी आम्ही पुण्याला मालकांना फोन लावला. त्यांनी आपल्या ॲपमधून ताईंचा नंबर दुसरा संपर्क म्हणून जोडला. तो नोंदला गेल्याचा मेसेज ताईंच्या मोबाईलवर माझ्यासमोरच आला. यजमानांनी स्टिकरवरचा ग्राहक क्रमांक मोठ्या आकड्यांत कागदावर लिहिला आणि फ्रिजवर लावला. ताईंनी माझ्याकडून ‘रात्री १ ते ५ मेंटेनन्स’ असं लेखी घेतलं, टीम लीडरला पाठवायला, आणि दोन्ही फोटो त्याला जोडले.