दिनदर्शिकेवरचा ‘ज’

पाळीच्या पहिल्या दिवशी मी सकाळी चहासुद्धा न घेता घरून निघायचे. डोंबिवली ते दादर लोकलने तासभर लागतो आणि लोकलमध्ये संडास नसतो. तरी ठाण्याला उतरावं लागायचंच. स्टेशनवरच्या शौचालयाबाहेर रांगेत उभं राहायचं. पोटात मुरडा, अंगाला घाम, घशाशी मळमळ. ऑफिसात पोहोचेपर्यंत तीन वेळा जाऊन झालेलं असायचं. त्याच्या आदल्या चार दिवसांत मात्र याच्या अगदी उलट. पोट साफ व्हायचं नाही आणि संध्याकाळी पंजाबी ड्रेसची नाडी सैल करावी लागायची इतकं ते फुगायचं.

हे सगळं पाळीचंच आहे, हे लक्षात यायला मला सहा-सात वर्षं लागली. आईला वाटायचं, मी बाहेरचं खाते. कोपऱ्यावरचे डॉक्टर पोट दाबून बघायचे आणि अँटिबायोटिकच्या गोळ्या द्यायचे. दोन दिवसांत जुलाब थांबायचे, त्यामुळे गोळ्या लागू पडल्या असं त्यांनाही वाटायचं आणि मलाही. ते जुलाब गोळीशिवायही दोन दिवसांत थांबलेच असते, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. शौचाची तपासणी दोनदा केली. दोन्ही वेळा काही सापडलं नाही.

सुगावा लागला तो स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर. दुधाच्या खाड्यांबरोबर तिथे माझ्या पाळीच्या तारखेला बारीक गोल असतो. डॉक्टरांनी एकदा विचारलं, “महिन्यातून किती वेळा होतं हे?” मला सांगता येईना, म्हणून जितक्या वेळा जुलाब झाले तितके ‘ज’ मी तारखेखाली लिहायला लागले. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहिली, तर सगळे ‘ज’ गोल असलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी होते. बाकीच्या पंचवीस-सव्वीस दिवसांत एकही नाही.

ती पानं घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. त्यांनी आधी बरंच विचारून घेतलं. रात्री झोपेतून शौचासाठी उठावं लागतं का? शौचातून रक्त जातं का? वजन उतरलंय का? पाळीत शौचाच्या वेळी आत खुपल्यासारखं दुखतं का? यातलं एकाचंही उत्तर हो असतं, तर त्यांनी आतड्याच्या आजाराचा किंवा गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं त्या एंडोमेट्रिओसिसचा वेगळा शोध घेतला असता. माझी सगळी उत्तरं नाही अशी होती. सोनोग्राफीतही काही निघालं नाही. (सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाहीच असं होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणूनच त्या प्रश्नांना इतकं महत्त्व.)

मग त्यांनी कारण समजावलं. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक एकदम खाली येतं. ते खाली आलं की गर्भाशयाचं आतलं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार करतं. अस्तर बाहेर पडावं म्हणून गर्भाशयाचा स्नायू आवळायचा, हे त्यांचं काम. पण आतड्याचा स्नायूही त्याच जातीचा आहे. ही रसायनं जास्त बनली की त्यांचा परिणाम गर्भाशयापुरता राहत नाही. आतडंही जोरात आवळायला लागतं, आत पाणी जास्त सुटतं आणि जुलाब होतात. मळमळही त्यांच्यामुळेच. “बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबत नसेल, तर आम्ही याच जातीचं इंजेक्शन देतो,” मॅडम म्हणाल्या. “गर्भाशय आवळतं, रक्त थांबतं. पण बाईला उलट्या-जुलाब होऊ शकतात, हे आमच्या सिस्टर धरूनच चालतात.” हे ऐकल्यावर त्यांना मला पुढचं काही पटवून द्यावं लागलं नाही.

आधीचं फुगणंही त्यांनी उलगडून सांगितलं. असं खाली येण्याआधीच्या दिवसांत प्रोजेस्टेरॉन जास्त असतं. त्याने आतडं मंदावतं, गॅस आणि मळ आतच साचून राहतात. आधी बद्धकोष्ठ आणि मग एकदम जुलाब, हा माझा क्रम त्यातूनच आला होता.

उपाय साधा होता, पण तो मी दोनदा चुकवला. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतात. अ‍ॅस्पिरिनबाबत ही गोष्ट शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी 1971 मध्ये दाखवली, आणि 1982 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण जे आधीच बनून गेलंय, ते या गोळीने परत जात नाही. पहिल्या महिन्यात मी गोळी घेतली ती ऑफिसात, अकरा वाजता, सगळं सुरू झाल्यावर. दुखणं थोडं कमी झालं, जुलाब तेवढेच. दुसऱ्या महिन्यात मैत्रिणीने दिलेली मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळी घेतली. तिने कळा चांगल्या थांबल्या, पण जुलाब उलट वाढले. मॅडमना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “काही जणींना त्या गोळीनेच जुलाब होतात. तुमच्यासारखीला ती नको.”

तिसऱ्या महिन्यापासून त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे घेते. आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, जेवणानंतर, दर आठ तासांनी, फक्त दोन दिवस. सुरुवात डाग दिसताक्षणी. माझी पाळी नियमित आहे, त्यामुळे पोटाचं फुगणं उतरून कंबर जड व्हायला लागली की मी तेव्हाच सुरू करते. रिकाम्या पोटी घेत नाही, म्हणजे तो चहा न घेता निघण्याचा प्रकार बंद. मऊ भात आणि तूप खाऊन निघते. पाच-सहा ‘ज’ होते, ते एक-दोनवर आले. मळमळ जवळपास गेली. फुगणं मात्र फारसं कमी झालं नाही, कारण त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नाही, प्रोजेस्टेरॉन आहे. त्या चार दिवसांत रात्री छोले-राजमा टाळते आणि जेवण थोडं-थोडं करते, तेवढ्याने नाडीचा त्रास कमी होतो.

ही गोळी सगळ्यांना चालत नाही. अल्सर, किडनीचा त्रास, वेदनाशामकाने उठणारा दमा, दिवस गेल्याची शक्यता, यातलं काही असेल तर ती घ्यायची नाही, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. जुलाब खूप होऊन लघवी कमी झाली असेल तरीही नाही, कारण अंगातलं पाणी कमी असताना ती किडनीला बाधते. तेव्हा ओआरएस घ्यायचं आणि डॉक्टर गाठायचे.

गेल्या पावसाळ्यात पाळी आली, त्याच दिवशी मला ताप भरला. आमच्या इमारतीत डेंग्यूचे दोन रुग्ण होते. डेंग्यूची शंका असताना आयब्युप्रोफेन घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून मॅडमनी फोनवरच सांगितलं, रिपोर्ट येईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. ताप उतरला. डेंग्यू नव्हता. पण त्या महिन्याच्या पानावर गोलाखाली पुन्हा पाच ‘ज’ आहेत.