‘रिपोर्ट नॉर्मल’ आल्यानंतरचा अर्धा तास

एमआरआय नॉर्मल येतो, पाय मात्र तरीही उचलत नाही. असे रुग्ण न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत मला नेहमी भेटतात. निदान कसं सांगितलं जातं यावर पुढचं बरंचसं ठरतं, असं माझं मत झालं आहे. बऱ्याच रुग्णांच्या गोष्टी एकत्र करून एक उदाहरण देतो.

पस्तिशीतल्या एक बाई. घोटा मुरगळला, दुखणं कमी झालं, पण डावा पाय लुळा पडला. चालताना तो पाय मागे ओढला जातो, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं. मेंदू आणि मणक्याचा एमआरआय झालेला आहे. हातात फाइल, सोबत भाऊ, आणि आधीच्या डॉक्टरांचं वाक्य कानात: “तुम्हाला काही झालेलं नाही.” या वाक्यानंतर रुग्णापुढे दोनच वाटा उरतात: एकतर मी नाटक करतेय, नाहीतर डॉक्टरांना रोग सापडत नाहीये. बहुतेक जण दुसरी वाट धरतात आणि पुढच्या एमआरआयची तारीख घेतात.

मी रिपोर्ट बाजूला ठेवून पाय तपासतो. त्यांना उताणं झोपवतो, डाव्या टाचेखाली हात ठेवतो आणि सांगतो, “टाच खाली दाबा.” जोर जवळजवळ नसतो. मग हात तिथेच ठेवून उजवा पाय वर उचलायला सांगतो आणि दुसऱ्या हाताने त्याला अडवतो. उजव्या पायाची ती धडपड चालू असताना डावी टाच माझ्या हातावर चांगली जोरात दाबली जाते. याला हूवरचं चिन्ह म्हणतात. १९०८ मध्ये त्याचं वर्णन झालं, आणि आजही त्याला यंत्र लागत नाही.

अनेक डॉक्टर हे चिन्ह पाहून गप्प राहतात, जणू रुग्णाची चोरी पकडली. मी उलट करतो. बाईंना आणि भावालाही ते पुन्हा दाखवतो. “बघा, तुम्ही ठरवून दाबता तेव्हा जोर येत नाही. लक्ष दुसऱ्या पायाकडे गेलं की येतो. म्हणजे मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे, ठरवून केलेली हालचाल मात्र अडते आहे. हे तुम्ही मुद्दाम करत नाही. याला फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर म्हणतात, पूर्वी कन्व्हर्जन म्हणायचे.” आजाराला नाव आणि पुरावा मिळाला की भावाचा चेहरा आधी सैल होतो, असं मी पाहिलंय.

मग प्रश्न येतो, “म्हणजे टेन्शनमुळे?” इथे घाई करू नये. ताण असू शकतो, नसूही शकतो. मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणाऱ्या २०१३ च्या डीएसएम-५ या पुस्तकात निदानासाठी मानसिक कारण सापडलंच पाहिजे ही अट काढून टाकली. माहीत असलेल्या मज्जाविकारांशी न जुळणारी अशी तपासणीतली खूण हवी, ही अट आली. मी इतकंच सांगतो: दुखापतीनंतर मेंदूने पाय जपायला घेतला, सगळं लक्ष त्या पायावर खिळलं, आणि ‘हा चालणार नाही’ ही अपेक्षाच हालचालीत उतरू लागली.

हूवरही फसवतो. खुब्यात वेदना असेल, सूचना नीट कळली नसेल, किंवा पक्षाघातात शरीराच्या एका बाजूचं भानच हरवलं असेल, तर चिन्ह खोटं दिसू शकतं. शिवाय खरा मज्जाविकार आणि फंक्शनल लक्षणं एकत्र नांदू शकतात. म्हणून रिफ्लेक्स, पायाच्या तळव्याची प्रतिक्रिया आणि लघवीवरचा ताबा मी दरवेळी पाहतो. यात नवा बदल दिसला तर तपासणी पुन्हा करायची, नुसती तक्रार वाढली म्हणून नाही.

फिजिओथेरपिस्टला चिठ्ठीत निदान स्पष्ट लिहितो. नाहीतर “जोर लावा, अजून लावा” सुरू होतं आणि लक्ष पुन्हा पायावरच जातं. या बाईंना आधी उभं राहून वजन डावी-उजवीकडे झुलवायला दिलं, मग मागे चालायला, मग पाय घसरवत पुढे. मागे चालणं बहुतेकांना आश्चर्यकारक सोपं जातं, कारण त्या हालचालीची चुकीची सवय लागलेली नसते. पट्टा किंवा स्प्लिंट शक्यतो टाळतो, काठीही घाईने देत नाही. आधार घेऊन चालण्याचीच सवय जडते.

सोमॅटिक सिम्प्टम डिसऑर्डर मात्र वेगळा. तिथे अशी खूण शोधत नाहीत. त्रासदायक लक्षण, त्याविषयी अतोनात काळजी, त्यात जाणारा वेळ, आणि हे साधारण सहा महिन्यांहून जास्त काळ, यावर निदान ठरतं. शरीरात दुसरा आजार असला तरी हे निदान होऊ शकतं. त्या रुग्णाला मी ‘दुखलं की या’ असं सांगत नाही. चार ते सहा आठवड्यांनी ठरलेली भेट देतो, दुखो वा न दुखो. डॉक्टर भेटण्यासाठी लक्षण वाढावं लागत नाही.

पायाच्या बाबतीत पुढच्या भेटीत मी पहिला प्रश्न जोराचा विचारत नाही. “मी काय सांगितलं होतं ते तुमच्या शब्दांत सांगा,” म्हणतो. उत्तर ‘रिपोर्ट नॉर्मल होते’ असं आलं, तर व्यायाम पुढे न नेता टाचेखाली पुन्हा हात ठेवतो.