संक्रांत आणि माझं पानिपत

“सर, गणपती कधी ऑगस्टात, कधी सप्टेंबरात. मग संक्रांत बरी दरवर्षी चौदा जानेवारीलाच?”

तुम्ही विचारलंत म्हणून. भूगोलाचा मास्तर होतो, त्यामुळे सोसायटीच्या तिळगूळ समारंभात हा प्रश्न ठरलेला. गणपती तिथीवर येतात आणि तिथी ठरते चंद्रावरून. बारा चांद्रमहिने ३५४ दिवसांतच संपतात, म्हणून २०२४ ला ७ सप्टेंबरला आलेले बाप्पा २०२५ ला २७ ऑगस्टलाच दारात. अधिक महिना आला की पुन्हा पुढे. संक्रांत म्हणजे सूर्याचा मकर राशीत प्रवेश, आणि कॅलेंडरही सूर्याचंच. सुगडातला ओला हरभरा, ऊस, बोरं चंद्राला विचारून थोडीच पिकतात!

वर्षानुवर्षं मी इथवर सांगून वर पुणेरी फोडणी घालायचो: “म्हणून तर १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर आपल्यावर संक्रांत कोसळली!” टाळ्या हमखास.

एका वर्षी अकरावीतली एक मुलगी उठली. “सर, त्या दिवशी संक्रांत नव्हती.”

मी हसलो. “बाळ, अख्खं पुणं म्हणतं.” हे वाक्य आठवलं की आजही कानशिलं तापतात. ती पुढे आली, टेबलावरची तिळगुळाची पुडी सोडवली आणि त्या कागदावर हिशोब मांडला. आपल्या राशी ताऱ्यांना धरून मोजतात. सूर्याला त्याच ताऱ्यापाशी परत यायला ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं लागतात. कॅलेंडर बेतलंय ऋतूंच्या वर्षावर, आणि ते सुमारे २० मिनिटांनी लहान. वर्षाला २० मिनिटं म्हणजे साधारण ७२ वर्षांत एक दिवस. तेवढी संक्रांत पुढे सरकते. उलट मोजत गेलं तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते.

“विवेकानंद कधी जन्मले, सर?”

“संक्रांतीला.”

“तारीख?”

१२ जानेवारी १८६३. दोन्ही गोष्टी मीच वर्गात शिकवल्या होत्या, जोडून कधी पाहिल्या नव्हत्या. सभागृहात कोणीतरी खोकलं.

माझंही अगदीच चुकलं नव्हतं, बरं का. उभ्या आयुष्यात एखादा दिवस सरकणाऱ्या सणाला ‘ठरलेला’ नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पण २०२४ ला संक्रांत १५ तारखेला आली आणि फोन सुरू झाले: “बघा, सरकली!” त्याचं कारण मात्र ते ७२ वर्षांचं नव्हे. संक्रमणाची वेळ दरवर्षी सहा तासांनी लांबते आणि लीप वर्षाचा जादा दिवस तिला मागे खेचतो. तेव्हा ती वेळ १५ च्या पहाटे तीनच्या आत पडली. २०२५ ला, मधे २९ फेब्रुवारी येऊन गेल्यावर, १४ च्या सकाळी नऊच्या सुमारास. मी हे सांगतो, लोक “हो हो” म्हणतात आणि पुढच्या वर्षी तेच विचारतात.

फोडणी बंद केली. टाळ्याही गेल्या. आमच्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांना मात्र हे अजून सांगितलेलं नाही.