पान १८७ नंतर थेट २१०

साभार परतीचं पत्र आमच्या कॉम्प्युटरवर तयारच असतं. नाव, शीर्षक आणि तारीख बदलली की प्रिंट काढायची. मजकूर तीन ओळींचा : ‘आपले हस्तलिखित आस्थेने वाचले. आमच्या सध्याच्या प्रकाशन योजनेत ते बसत नसल्याने साभार परत करीत आहोत. पुढील लेखनास शुभेच्छा.’ पुण्यातल्या या प्रकाशनात मी अकरा वर्षं संपादनाचं काम करते, आणि या तीन ओळींवर माझ्या सहीनं किती बाडं परत गेली असतील याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

त्या शनिवारीही एक पत्र निघायचं होतं. कादंबरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची. लेखक त्याच काट्यावर क्लार्क म्हणून सव्वीस वर्षं काम करून निवृत्त झालेले, आणि हे त्यांचं पहिलंच लेखन. आमच्या दोन्ही वाचकांचे अभिप्राय नकाराचे होते. एकानं मात्र शेवटी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘मध्ये काहीतरी गळल्यासारखं वाटतं.’ बाड पाकिटात घालताना मी सहज पानं चाळली. १८७ नंतर एकदम २१० होतं. बावीस पानं नव्हतीच.

पाठवताना राहिली असतील म्हणून फोन केला.

“राहिली न्हाईत मॅडम, मीच काढली,” ते म्हणाले. “आधी एका ठिकाणी दिली होती कादंबरी. त्यांचं पत्र आलं, साहित्यिक मूल्याच्या दृष्टीनं अपुरी वाटते म्हणून. मग मीच इचार केला, त्यात वजनाचे आकडे लई होते. हिशेबाच्या वहीगत वाटत असंल. काढून टाकलं.”

मी ती पानं मागितली. तासाभरात नातवानं व्हॉट्सॲपवर बावीस फोटो पाठवले, त्यातले दोन आडवे.

प्रसंग एका रात्रीचा आहे. गाळप जोरात, काट्यावर बैलगाड्यांची रांग. ऊस भरलेली गाडी आधी तोलायची, गव्हाणीत ऊस उतरला की रिकामी गाडी पुन्हा तोलायची, वजाबाकी म्हणजे उसाचं वजन. त्यावर तोडणीचे पैसे. एका गाडीवर मोळ्यांच्या वर एक बाई लेकराला कुशीत घेऊन झोपलेली असते. नियमानं तिला खाली उतरवायला हवं. क्लार्क बघतो, आणि हाक मारत नाही. रिकामी गाडी परत येते तेव्हा ती बाई खाली शेकोटीपाशी बसलेली असते. तिचं बेचाळीस किलो वजन उसात धरलं जातं. पुढची पंधरा पानं त्या बेचाळीस किलोंची आहेत : सकाळी मुकादम काय म्हणतो, क्लार्क घरी बायकोला काय सांगतो, काय सांगत नाही. आकडे सगळे आहेत आणि एकही जास्तीचा नाही.

अख्ख्या बाडातला सर्वांत चांगला भाग या माणसानं एका गुळगुळीत वाक्याचा अर्थ लावता लावता कापून टाकला होता. ते वाक्य दुसऱ्या कुणाचं होतं, पण आमच्या तीन ओळी काही वेगळ्या नव्हत्या. आमचं पत्र वाचून त्यांनी आणखी काय कापलं असतं, देव जाणे.

तरीही आम्ही पुस्तक छापणार नव्हतो, आणि तेच अवघड होतं. ही बावीस पानं जोडूनही कादंबरी उभी राहत नव्हती. पहिली सत्तावन्न पानं गावाचा आणि सहकाराचा इतिहास होता. क्लार्क पहिल्यांदा येतो तो ५८व्या पानावर. पुढे दर प्रकरणाच्या शेवटी लेखक स्वतः येऊन समाजाला चार शब्द ऐकवतो. शिवाय आमचा हिशेब वेगळाच. ९६ हजार शब्द म्हणजे डेमी आकारात साधारण ३२० पानं, सोळा पानी वीस फर्मे. नव्या लेखकाची पाचशे प्रतींची आवृत्ती त्या जाडीत काढली तर किंमतच अशी होते की दुकानदार हात लावत नाही.

मी पत्र लिहायला बसले आणि पहिला खर्डा चार पानांचा झाला. शुद्धलेखनापासून शेवटापर्यंत सगळं त्यात होतं. वाचून वाटलं, हे मिळाल्यावर मी तर लिहिणंच सोडलं असतं. दुसरा खर्डा उलट टोकाचा. काट्याच्या प्रसंगाचं इतकं कौतुक केलं की शेजारच्या टेबलवरच्या मुद्रितशोधकानं वाचून विचारलं, “मग कधी घेतोय आपण हे?” नकार तिसऱ्या परिच्छेदात, ‘तूर्तास’ या शब्दाच्या आड लपला होता. तो शब्द मी आधी खोडला.

तिसऱ्या खर्ड्यात नकार पहिल्याच वाक्यात आला. मधला भाग असा होता :

‘ही कादंबरी आम्ही प्रकाशित करू शकत नाही. कारणे दोन. कथा ५८व्या पानावर सुरू होते. त्याआधीचा इतिहास वाचकाला क्लार्कची ओळख होण्यापूर्वी सांगितल्यामुळे तो कोणाचा इतिहास आहे हेच कळत नाही. दुसरे, प्रकरणांच्या शेवटी येणारे भाष्य. उदाहरणार्थ पान ९४ : मुकादम उचलीचे पैसे मोजून परत खिशात ठेवतो, तिथे प्रसंग पूर्ण झाला आहे. त्याखालच्या अकरा ओळी झाकून वाचून पाहाव्यात.

आपण काढून टाकलेली पाने १८८ ते २०९ कृपया परत घाला. बाई गाडीवर झोपलेली आहे हे क्लार्कला दिसते आणि तो काही बोलत नाही, हा प्रसंग त्या काट्यावर बसलेल्या माणसालाच लिहिता येईल. तिथले आकडे अडचण नाहीत, तीच आपली भाषा आहे.’

व्याकरणाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. ते दुरुस्त करायला आमच्याकडे पगारी माणसं आहेत. शेवटी दोन गोष्टी घातल्या. ही बावीस पानं स्वतंत्र कथा म्हणून दिवाळी अंकाकडे पाठवता येतील. आणि पहिल्या पुस्तकासाठी साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. ही दुसरी ओळ मुद्दाम होती, कारण असा नकार मिळालेला निवृत्त माणूस फंडाचे पैसे मोजून पुस्तक छापून घेतो आणि पुढे गठ्ठे पलंगाखाली राहतात, हे मी पाहिलंय.

आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी पत्र दोनदा वाचलं. ‘बदल करून पाठवल्यास आम्ही निश्चित विचार करू’ या वाक्यावर पेन ठेवलं. “निश्चित म्हणजे? उद्या तो वर्षभर राबून पाठवेल आणि आपण परत नाही म्हणू. तेव्हा काय तोंड दाखवणार?” त्यांनी तिथे लिहिलं, ‘पाठवल्यास पुन्हा वाचू.’ मग म्हणाले, “सगळ्यांना असं लिहीत बसलीस तर पुस्तकं कोण काढणार?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. महिन्याला तीस-पस्तीस बाडं येतात. असं पत्र दोघा-तिघांना जातं. बाकीच्यांना त्याच तीन ओळी.

आठ दिवसांनी फोन आला. नकाराबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

“मॅडम, पत्र मिळालं. त्या पानात एक चूक घावली.”

“कुठली?”

“बेचाळीस किलो निस्तं बाईचं धरलंय. कुशीतल्या लेकराचं धरायचंच राहिलं बघा. पन्नासाच्या घरात जातंय. सव्वीस वर्षं काट्यावर बसून हे सुटलं.”

मग पुढचे सगळे आकडे बदलावे लागतील, मी म्हटलं.

“सकाळपास्नं त्येच करतोय,” ते म्हणाले.