कोटेशनमधले दिवस मोजायचे कुठून?

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. आठ माणसं, तीन वेल्डिंग मशीन. बरीच वर्षं आमच्या कोटेशनच्या तळाशी चारच ओळी असायच्या. व्हॅलिडिटी 30 दिवस, टॅक्स एक्स्ट्रा आणि भाडं अ‍ॅक्च्युअल, डिलिव्हरी 4 आठवडे, पेमेंट 30% अ‍ॅडव्हान्स आणि बाकी 30 दिवसांत. या ओळी वडिलांच्या काळापासून तशाच कॉपी होत आल्या होत्या आणि त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. मग एका कंपनीची 120 स्टील पॅलेटची ऑर्डर आली आणि चारही ओळींवर भांडण झालं.

कोटेशन 6 मेचं होतं. पॅलेटला 6,200 रुपये, म्हणजे जीएसटी सोडून 7,44,000. व्हॅलिडिटी 5 जूनला संपली. 9 जूनला मेलवर पीओ, म्हणजे त्यांची खरेदीची लेखी ऑर्डर आली, त्यावर तारीख 3 जून. पर्चेसच्या साहेबांचं म्हणणं, "पीओ मुदतीत निघालाय, अप्रूव्हलला वेळ लागला." मधल्या काळात स्टील किलोला 4 रुपयांनी चढलं होतं. एका पॅलेटला साधारण 45 किलो माल लागतो, म्हणजे एकूण 5,400 किलोवर 21,600 रुपयांचा फटका. जुनं गिऱ्हाईक म्हणून गप्प बसलो. पण चूक माझीच होती: 30 दिवसांत नेमकं काय व्हायला हवं, पीओ निघायला हवा की माझ्या हातात पडायला हवा, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं.

डिलिव्हरीचं त्याहून वाईट. मी 14 जुलैला माल पोहोचवला. ड्रॉइंगवर त्यांच्या डिझाइनवाल्यांची सही 20 जूनला झाली होती, अ‍ॅडव्हान्स 16 जूनला आला होता. सहीपासून 4 आठवडे मोजले तर 18 जुलै, म्हणजे मी चार दिवस आधीच गेलो होतो. त्यांनी मोजले पीओच्या तारखेपासून. म्हणजे 1 जुलै. 13 दिवस उशीर, पूर्ण आठवड्यात धरून 2 आठवडे, आठवड्याला अर्धा टक्का दंड, एकूण 7,440 रुपये कपात. दंडाची ही अट कुठून आली म्हणून पाहिलं तर ती पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत होती. पीओ माझ्याकडे पोहोचण्याआधीचे सहा दिवससुद्धा माझ्याच उशिरात धरलेले! ते पान मी वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर कुणीच वाचत नाही, आणि ज्यांनी छापलंय त्यांना ते ठाऊक असतं.

मग बिल अडकलं. "टॅक्स एक्स्ट्रा, भाडं अ‍ॅक्च्युअल" असं लिहिलं होतं. टेम्पोचं भाडं 14,000 झालं. आम्ही ते आमच्याच बिलात घेऊन त्यावर 18% लावला. अकाउंट्सवाले म्हणाले, वाहतुकीला 5% असतो, तुम्ही जादा लावलाय. फरक 1,820 रुपयांचा, आणि तोही त्यांना क्रेडिटमध्ये परत मिळणारा. पण त्यांच्या सिस्टीममध्ये बिल आणि पीओचा आकडा जुळत नाही तोवर बिल पुढे सरकत नाही. त्या 1,820 पायी जवळपास नऊ लाखांचं बिल बसून राहिलं. आमच्या सीएने समजावलं की माल पोहोचवायचं काम आपलंच असेल आणि भाडं आपण आपल्या बिलात लावलं, तर ते मालाच्याच किमतीचा भाग धरलं जातं, म्हणून मालाचाच दर लागतो. बिल बरोबर होतं. कोटेशनमध्ये भाड्याचा आकडा आणि त्यावरचा दर नव्हता, म्हणून पीओतही आला नाही, एवढीच भानगड.

उरलेल्या पैशाचे 30 दिवस मी बिलापासून धरले होते, म्हणजे 13 ऑगस्ट. ते धरत होते जीआरएनपासून, म्हणजे माल तपासून घेतल्याच्या त्यांच्या पावतीपासून. माल गेटवर 14 जुलैला उतरला, पण तपासणी होऊन जीआरएन निघालं 2 ऑगस्टला. तिथून 30 दिवस म्हणजे 1 सप्टेंबर, आणि त्यांचं पेमेंट फक्त 10 तारखेला सुटतं. इथे मात्र सीएने खिशातून हत्यार काढलं. आम्ही सरकारच्या उद्यम नोंदणीत लघु उद्योग म्हणून नोंदलेले आहोत. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपलीकडे नेता येत नाहीत. आणि डिलिव्हरीनंतर 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचाच दिवस स्वीकारल्याचा दिवस. हरकत आली नव्हती, म्हणजे शेवटची तारीख 28 ऑगस्ट. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. पुन्हा त्या मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. ही शेवटची गोष्ट त्यांच्या फायनान्सवाल्यांना सगळ्यात जास्त टोचते. मी उद्यमचं सर्टिफिकेट जोडून, तारखा मांडून एक साधा मेल केला. आवाज चढवला नाही. पैसे 27 ऑगस्टला आले, 7,440 कापूनच.

त्या आठवड्यात बसून कोटेशन नव्याने लिहिलं. ते जातं इंग्रजीतच, इथे मतलब सांगतो. व्हॅलिडिटी आता दिवसांत नाही, तारखेत: "पीओ आमच्याकडे अमुक तारखेला संध्याकाळी 6 पर्यंत पोहोचला तरच हा दर. नंतर आम्ही लेखी कळवू तोच." आणि मुदत 30 दिवसांची नाही, 10 ची. स्टीलवाला मला दोन दिवसांपेक्षा जास्त भाव धरून देत नाही, तर मी महिनाभर कशाच्या जोरावर द्यायचा? टॅक्सच्या ओळीत मालाचा एचएसएन कोड, आजचा दर 18%, आणि माल निघताना सरकारी दर बदललेला असेल तर तो लागू. भाडं वेगळ्या ओळीत, आकड्यासह, जीएसटीसह. कंपनीची गाडी येणार असेल तर "एक्स-वर्क्स भोसरी" आणि भाड्याची ओळच नाही.

डिलिव्हरी: "पीओ मिळणे, अ‍ॅडव्हान्स खात्यात जमा होणे आणि ड्रॉइंगवर सही, यांतलं जे शेवटी होईल तिथून 4 आठवडे." पेमेंट: "माल गेटवर उतरल्यापासून 30 दिवस. मालाबद्दल हरकत असेल तर 7 दिवसांत लेखी." खाली उद्यम नंबर.

एवढं लिहून मी निवांत झालो होतो. मग वकील मित्राने विचारलं, "आणि पीओ तुझ्या अटींपेक्षा वेगळा आला तर?" कोटेशन हा माझा प्रस्ताव. त्यांनी अटी बदलून पीओ पाठवला की तो स्वीकार राहत नाही, त्यांचा नवा प्रस्ताव होतो. मी काही न बोलता काम सुरू केलं तर तो मान्य केल्यासारखंच. पॅलेटच्या वेळी मी अगदी तेच केलं होतं. दंडाला मीच गप्प राहून सही दिली होती म्हणायची.

म्हणून आता पीओ आला की मी दोन्ही कागद शेजारी ठेवतो, मागचं पानही वाचतो, आणि पहिला पत्रा कापायच्या आधी फरकांचा मेल पाठवतो. सगळ्या कंपन्या ऐकत नाहीत. एकीने सरळ सांगितलं, आमचा पीओ बदलत नाही, नको असेल तर राहू दे. तिच्याशी तासभर फोनवर घासाघीस करून दंड ड्रॉइंगच्या सहीपासून मोजायचा, एवढं मेलवर लिहून घेतलं. पेमेंट त्यांच्या 45 दिवसांवरच राहिलं, आणि तेवढ्या दिवसांचं व्याज मी दरात धरलं.

पॅलेटवाली कंपनी अजून ऑर्डर देते. गेल्या वेळी साहेबांचा फोन आला, "अहो, तुमचं कोटेशन दोन पानांचं झालंय." म्हटलं, "साहेब, तुमच्या पीओचं मागचं पान त्याहून बारीक आहे."