सरासरीत न दिसलेले सोमवार

आमच्या खानापुरातल्या शेजारच्या काका-काकूंनी श्रावणात महिनाभर घरीच बीपी आणि शुगर मोजून वहीत लिहून ठेवली होती. मी परिचारिका असल्यामुळे बेळगावच्या डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी ती वही समजावून देण्याचे काम माझ्याकडे आले. काकूंनी सगळ्या आकड्यांची सरासरी काढली होती आणि ती बरी आल्यामुळे दोघेही निश्चिंत होते.

मी वही सरासरीने न वाचता वेळेप्रमाणे वाचली. काकांचे बीपी संध्याकाळी १२६ ते १३२ आणि सकाळी गोळीपूर्वी १५०च्या आसपास होते. गोळीचा असर रात्रभर टिकत नसावा, ही एक शक्यता होती. मात्र सकाळी मोजण्याआधी काय करता, असे विचारल्यावर काका दूध आणून, चहा घेऊन लगेच यंत्र लावत असल्याचे समजले. म्हणून शेवटचा आठवडा चहापूर्वी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायला सांगितले. तेव्हा आकडा १३८ ते १४० वर आला. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याहून जास्त आकडा सातत्याने आला, तर तो वाढलेला मानतात. त्यामुळे सकाळचे बीपी खरोखरच थोडे जास्त आहे, पण वाटत होते तितके नाही, असे मी काकांना सांगितले.

मला खरी काळजी वाटली ती काकूंच्या वहीची. इतर दिवशी जेवणानंतर दोन तासांनी शुगर १५० ते १७० असे, पण सोमवारी दुपारी ६४, ६१, ६७ आणि रात्री उपवास सोडताना खाल्लेल्या साबुदाण्याच्या खिचडीनंतर २३८ पर्यंत. ग्लिमेपिराइडची गोळी त्या रोजच्यासारखी सकाळी घेत आणि दिवसभर पाण्यावर राहत. ही गोळी पोटात अन्न नसले तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, म्हणून शुगर घसरते. “दुपारी घाम सुटायचा, हात थरथरायचे, पण मला वाटलं उपवासाचा अशक्तपणा असेल गं,” असे काकू म्हणाल्या. ७० च्या खालचे आकडे आणि २३८ एकत्र मिसळले, की सरासरी छान येते आणि दोन्ही धोके झाकले जातात.

तसे पुन्हा झाल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि ७० च्या वर आल्यावर काहीतरी खावे, असे मी सांगितले. गोळी मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये, यावर मी भर दिला. डॉक्टरांसाठी एका कागदावर फक्त सोमवारच्या नोंदी, गोळीची वेळ आणि जेवणाची वेळ शेजारीशेजारी लिहून दिली. डॉक्टरांनी काकूंना उपवासाच्या दिवसासाठी गोळीची वेगळी सूचना लिहून दिली, आणि काकांना गोळी न वाढवता आणखी दोन आठवडे याच पद्धतीने बीपी मोजायला सांगितले.