तुम्ही विचारलंत म्हणून: मध्यम म्हणजे किती?

"मॅडम, थोडा डिस्टर्बन्स जैवविविधतेला चांगला असतो असं तुम्हीच शिकवता ना? मग थोडी तोड, थोडी आग का चालत नाही?"

शिकवते, हो. पर्यावरणशास्त्रज्ञ कॉनेलने 1978 मध्ये मांडलं ते असं: काहीच उलथापालथ झाली नाही तर दांडगी प्रजाती बाकीच्यांना हुसकावते, सतत झाली तर फक्त पटकन उगवणाऱ्या टिकतात, मधल्या पातळीवर दोन्ही सापडतात. पण यात एक अट आहे, जी कोणी ऐकूनच घेत नाही. जी पटकन येते ती स्पर्धेत कमजोर असायला हवी. तसं नसेल तर प्रजातींच्या आलेखात मधला उंचवटा येईलच असं नाही.

एका टेकडीवरच्या खोदकामाबद्दलच्या मीटिंगमध्ये एका सल्लागाराने माझ्या लेक्चरमधलाच आलेख पडद्यावर लावला आणि म्हणाला, आमचं खोदकाम 'मध्यम' आहे. मी विचारलं, कुठल्या प्रजातींसाठी, किती वर्षांनी एकदा? गप्प. मग मीच बोलत सुटले, सूसा नावाच्या संशोधकाबद्दल, कारण मला त्या माणसाचा इतका राग आला होता की थांबताच येईना. कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळच्या किनाऱ्यावर सूसाने दगड किती मोठा एवढंच बघितलं नाही, तो हलवायला किती जोर लागतो तेही मोजलं, म्हणजे लाट त्याला किती वेळा उलटवत असेल त्याचा अंदाज. लहान दगडांवर उल्वाचं हिरवं शेवाळ आणि दगडाला चिकटून राहणारे बार्नेकल प्राणी, मोठ्यांवर बहुतेक एकच लाल शेवाळ, सगळ्यात जास्त प्रजाती मधल्यांवर. आणि खरी मेख पुढे आहे: त्याने काही लहान दगड हलणार नाहीत असे बसवून टाकले, तर त्यांच्यावरही मोठ्या दगडांसारखी वस्ती येऊ लागली. म्हणजे फरक आकाराचा नाही, उलटण्याचा होता. तुमच्या टेकडीवर असं काय तपासलंय, असं मी विचारलं. चहा आला आणि विषय बदलला.

तेव्हा मी कॉनेलची वकिलीच करत होते. पण त्याच्या विरुद्ध पुरावाही आहे, तोही सांगायला हवा. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर, 50 हेक्टरच्या प्लॉटमध्ये, झाड पडून मोकळ्या झालेल्या जागा हबेल आणि मंडळींनी तपासल्या (1999). तिथे रोपं जास्त होती म्हणून प्रजाती जास्त दिसत होत्या, रोपांची संख्या सारखी धरली तर फायदा उरला नाही. बऱ्याच प्रजातींचं बीच तिथे पोचत नाही, मग उजेड असून काय उपयोग? मॅकी आणि करी यांनी 2001 मध्ये अशा अभ्यासांतले जवळपास दोनशे निष्कर्ष एकत्र पाहिले, तर मधला उंचवटा पाचातल्या एकापेक्षाही कमी ठिकाणी.

2013 मध्ये फॉक्स नावाचा संशोधक तर म्हणाला, ही कल्पना सोडूनच द्या, उलथापालथीने स्पर्धेचा निकाल लांबतो, बदलत नाही. शील आणि बर्सलेमने लगेच बचाव केला. मला फॉक्सचं गणित पटतं आणि सूसाचे दगडही पटतात, मग काय करू? यंदाही शिकवणार आहे, पण आलेखाआधी दगड.